वड्या वाफवा, तेल वाटीत मोजा

«कोथिंबीर वडी तळली नाही तर कुरकुरीत होते का, आणि चौघांच्या घरात रोज किती तेल धरावे?»

होते, पण उकडलेला उंडा पूर्ण गार होऊ द्यावा लागतो. मोदकपात्रात पंधरा ते वीस मिनिटे वाफवून सुरी घालून पाहावी. ती कोरडी निघाली की उंडा शिजला. गरम असतानाच कापला, तर वड्या हमखास मोडतात. कापलेल्या वड्यांना दोन्ही बाजूंनी मिळून दोन छोटे चमचे तेल ब्रशने लावावे, कारण अजिबात तेल नसेल तर बेसन कोरडे, पिठूळ राहते. मग एअर फ्रायरमध्ये 180 अंशांवर दहा-बारा मिनिटे, मध्ये एकदा उलटून, भाजाव्यात. एकावर एक रचल्या तर वाफ अडकून त्या मऊच राहतात.

माणशी रोज चार छोटे चमचे, म्हणजे सुमारे 20 मिलि, हे प्रमाण मला योग्य वाटते. चौघांचे 80 मिलि सकाळीच वाटीत काढून ठेवावे आणि पोळ्यांचे तेल-तूपही त्यातच धरावे, कारण हिशेब बहुधा तिथेच चुकतो. वड्यांचे दोन आणि आमटीच्या फोडणीचे दोन चमचे वजा जाता उरलेल्या बारांत पोळ्या आणि भाज्या आरामात होतात. एवढ्या कमी तेलाची फोडणी मात्र छोट्या कढल्यातच करावी. पसरट कढईत तेल पांगते, मोहरी नीट तडतडत नाही आणि हिंग-हळद करपते.