रामकुंडाला का, ताई?

सोमवारी दुपारी गंगापूर रोडवरच्या एका शाळेतून फोन आला. "शुक्रवारी साडेअकरा वाजता डेमो. इयत्ता सातवी, विज्ञान, घटक हवेचे घटक. वेळ पंधरा मिनिटं." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि माळ्यावरून बी.एड.ची पेटी खाली काढली. तिच्यातून पाठ टाचणाच्या वह्या, दोन परीक्षानळ्या आणि एक मेलेली पाल निघाली.

टाचण लिहायला बसले की माझा हात आपोआप बी.एड.च्या वळणावर जातो. सामान्य उद्दिष्टे, विशिष्ट उद्दिष्टे, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, फलक लेखन, संकलन, मूल्यमापन, गृहपाठ. डावीकडे 'शिक्षक कृती', उजवीकडे 'विद्यार्थी कृती'. या उजव्या रकान्यातले विद्यार्थी फार गुणी असतात. जे उत्तर हवं तेच देतात, तेही पूर्ण वाक्यात.

रात्री पुतणीला समोर बसवून तालीम केली. ती खरोखरची सातवीत आहे. मी प्रस्तावनेचा पहिला प्रश्न टाकला, "मुलांनो, आपण श्वासावाटे काय घेतो?"

"नाकाने घेतो, काकू."

"नाकाने नाही गं, काय घेतो?"

"सर्दी झाली तर तोंडाने."

उजव्या रकान्यात 'आपण श्वासावाटे हवा घेतो' असं लिहिलेलं होतं. तिथवर पोचायलाच चार मिनिटं गेली. सगळा पाठ झाला तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघरातून आकडा सांगितला, "एकेचाळीस." त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यात. सत्तावीस वर्षं चार वर्ग एका खोलीत बसवून शिकवलेल्या बाईला घड्याळ लागत नाही. "अगं, पंधरा मिनिटांत पाठ बसत नाही. एक गोष्ट बसते. एक धर आणि बाकीचं सोड," त्या म्हणाल्या.

मी एक धरली. मेणबत्तीचा प्रयोग. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून उपडा काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. निष्कर्ष: ज्वलनाने ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, पाणी एक पंचमांश चढलं, म्हणून हवेत ऑक्सिजन सुमारे एक पंचमांश. मी शाळेत हेच शिकले, बी.एड.ला हेच शिकवून शाबासकी घेतली आणि सासूबाईंनी सत्तावीस वर्षं हेच शिकवलं. पिढीजात दागिना म्हणावा असा प्रयोग.

मंगळवारी तालीम. पाणी दिसावं म्हणून त्यात बीट किसून पिळलं. आम्ही नाशिककर पाणी किती चढलं हे सेंटिमीटरमध्ये मोजतच नाही. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं बोलतो. पुतणीने ग्लासावर स्केचपेनने मारुती काढला. ग्लास ठेवला. ज्योत लहान झाली, विझली. मग पाणी गुडघ्याच्या वर आलं.

"बघ, ऑक्सिजन संपला, म्हणून पाणी चढलं," मी विजयी सुरात म्हटलं.

"पण काकू, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी चढलंच नाही. विझल्यावर चढलं."

मी पुन्हा लावली. पुन्हा तेच. ज्योत जळत असताना पाणी जागचं हलेना, उलट ग्लासाच्या काठाखालून दोन-तीन बुडबुडे बाहेर पडले. ऑक्सिजन जळताना संपत असेल तर पाण्याने जळतानाच चढायला हवं. आणि आत जागा रिकामी होत असेल तर हवा बाहेर का पडावी? उजव्या रकान्यात याचं उत्तर नव्हतं.

"पाण्याला उशिरा कळत असेल," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

आता एकच उपाय होता. त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या. ग्लास तोच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच, म्हणजे पाणीही तेवढंच चढायला हवं. ते चढलं थेट मारुतीच्या छातीपर्यंत. पट्टी लावली. ग्लास बारा सेंटिमीटरचा. त्याचा एक पंचमांश म्हणजे साधारण अडीच. एका मेणबत्तीला पाणी दीड सेंटिमीटर होतं, तिघींना जवळजवळ चार. म्हणजे मेणबत्त्या वाढवल्या की हवेतला ऑक्सिजनही वाढतो! मी ताटलीपाशी मांडी घालून बसले आणि माझी पदवी कुठल्या विद्यापीठाची आहे ते आठवू लागले.

सासूबाई ओट्याशी गेल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्याचा डबा."

आमच्या ह्यांचा डबा रोज सकाळी वाफाळती भाजी भरून, झाकण दाबून लावला जातो आणि दुपारी तो ऑफिसात उघडता उघडत नाही. भाजी भरताना डब्यात वाफ आणि गरम हवा असते. ती निवते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. डबा कोमट पाण्यात धरला की सुटतो. "ग्लासात तेच झालंय," सासूबाई म्हणाल्या. "फक्त इथे झाकण नाही, पाणी आहे. बाहेरच्या हवेने ते आत ढकललं."

बरोबर होतं. ग्लास खाली येतानाच ज्योतीभोवतीची हवा तापून फुगलेली असते, तिच्यातली थोडी बुडबुड्यांनी बाहेरही जाते. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते, आणि तेव्हा पाणी चढतं. मेणबत्त्या जास्त तर गरम हवा जास्त. ऑक्सिजन जळतो हे खरं, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ येते. शिवाय मेणबत्ती तो सगळा संपवतच नाही. हवेत तो सुमारे 21 टक्के असतो, आणि 16 टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत मान टाकते. पाऊस रामकुंडावर थेंबभर नसतो आणि पाणी गंगापूर धरणातून सुटलेलं असतं, तसलाच प्रकार.

खात्रीसाठी मेणबत्तीशिवायच करून पाहिलं. ग्लास गरम पाण्याने विसळला, झटकला आणि उपडा ठेवला. पाणी चढलं. पहिला ग्लास मी उकळत्या पाण्याने विसळला होता, तो तडकला. सासूबाईंच्या माहेरच्या सहांच्या सेटमधला तो होता हे मला नंतर सविस्तर सांगण्यात आलं.

प्रश्न उरला तो मुळातला. घटक 'हवेचे घटक' आहे. मग ऑक्सिजन एक पंचमांश असतो हे दाखवायचं कसं? उष्णता न आणता ऑक्सिजन खाणारं काहीतरी हवं. ते म्हणजे गंज. ओलं लोखंड हवेतला ऑक्सिजन घेतं, मागे वायू सोडत नाही, आणि हे इतकं सावकाश करतं की काही तापत नाही. मी घरातली तारेची घासणी परीक्षानळीत कोंबली. बुधवारी सकाळी ती जशीच्या तशी चकचकीत. हल्लीच्या घासण्या स्टेनलेस असतात, त्या गंजत नाहीत. गुण म्हणून विकलेली गोष्ट आयत्या वेळी अशी दगा देते. मग शालिमारला गेले. हार्डवेअरवाल्याकडे लाकूड घासायची बारीक लोखंडी लोकर मिळते, ती आणली. तिला तेल असतं, म्हणून व्हिनेगरमध्ये धुतली, झटकली, नळीच्या तळाशी बसवली आणि नळी बीटच्या पाण्याच्या बरणीत उपडी उभी केली. गुरुवारी संध्याकाळी पाणी थांबलं. नळी पंधरा सेंटिमीटर, पाणी तीन. माझ्या बी.एड.च्या सबंध वर्षात एवढा प्रामाणिक निकाल मला मिळाला नव्हता.

हे व्हायला दीड दिवस लागतो आणि डेमो पंधरा मिनिटांचा, म्हणून नळी तयारच न्यायची. म्हणजे सिडकोहून गंगापूर रोडपर्यंत. बरणी कलली आणि नळीचं तोंड पाण्याबाहेर आलं की बाहेरची हवा आत, आणि सगळं मुसळ केरात. मी बरणीला पांढरं फडकं बांधलं, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि रिक्षात बसले. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं, मीटर न टाकता हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, "रामकुंडाला का, ताई?"

मी शाळेचं नाव सांगितलं. त्याने आणखी काही विचारलं नाही. गतिरोधकांवर मात्र त्याने रिक्षा इतक्या आदराने नेली की नळीतला थेंबही हलला नाही.

समोर चौघं होते. मुख्याध्यापिका, संस्थेचे सचिव, निवृत्त विषयतज्ज्ञ आणि वहीवर नोंदी घेणाऱ्या एक बाई. "समजा आम्ही विद्यार्थी," मुख्याध्यापिका म्हणाल्या. मी खडू आणले होते, फळा पांढरा निघाला. मेणबत्ती लावली, डोक्यावरच्या पंख्याने विझवली. पंखा बंद करायला लावला, तेव्हा सचिवांनी माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं, प्रेमाने नव्हे.

मी प्रस्तावना गाळली. ग्लास ठेवला आणि म्हटलं, "पाणी केव्हा चढतंय तेवढंच बघा."

विषयतज्ज्ञ पाणी चढायच्या आतच म्हणाले, "ऑक्सिजन संपला म्हणून चढतं. एक पंचमांश."

आता यांना चूक म्हणायचं कसं? टाचणात यासाठीही रकाना नसतो. मी म्हटलं, "सर, विझली तेव्हा पाणी कुठे होतं?"

ते गप्प. उत्तर दिलं घाम पुसणाऱ्या सचिवांनी, "खालीच होतं की. नंतर चढलं." त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. "परत करा बरं." मी तीन मेणबत्त्या लावल्या. ते उठून टेबलापाशी आले, चष्मा काढून ग्लासाला नाक लावून उभे राहिले. मी डब्याचा किस्सा सांगितला. मग फडकं सोडून नळी दाखवली, पट्टी त्यांच्याच हातात दिली. तीन सेंटिमीटर त्यांनी दोनदा मोजले. विषयतज्ज्ञही शेवटी वाकले, पण "तरीसुद्धा पुस्तकात..." एवढं बोलायचं त्यांनी सोडलं नाही.

"वेळ संपली," नोंदीवाल्या बाई म्हणाल्या. मूल्यमापन राहिलं, गृहपाठ राहिला, आणि फळ्यावर मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. त्यांच्या वहीत 'फलक लेखन' पुढे त्यांनी काढलेली आडवी रेघ मला उलट्या बाजूनेही स्वच्छ दिसली.

"कळवू," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मी बरणी उचलून फाटकापर्यंत आले तोच मागून शिपाईदादा धावत आले. "मॅडम, थांबा! सचिवसाहेबांनी पाठवलंय." माझ्या पोटात गोळा आला. इतक्या लवकर निर्णय?

त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता. "साहेबांचा आहे. सकाळपासून उघडत नाहीये."

मी कोमट पाणी मागवलं. मिनिटभराने झाकण सुटलं. आत मटकीची उसळ होती.