तिसरा पीस नको, माझे 4,200 रुपये परत द्या

दुकानाचे मालक यांस,

काल तुमच्या काउंटरवर पाऊण तास उभी होते आणि दर पाच मिनिटांनी एकच वाक्य ऐकत होते, "मॅडम, बदलून देतो ना!" नकोय मला बदलून. एकदा घेतलाय बदलून. तोही तसाच निघाला. आता पैसे द्या.

या महिन्याच्या 2 तारखेला तुमच्याकडून 750 वॉटचा मिक्सर घेतला. चौथ्या दिवशी इडलीचं पीठ वाटताना भांड्याच्या बुडातून पाणी झिरपलं, मिक्सर मध्येच बंद पडला आणि जळका वास सुटला. तुमच्या माणसाने सांगितलं की नव्या मोटरला वास येतोच, आतलं व्हार्निश तापतं. येतो, मलाही माहीत आहे. पहिल्या एक-दोन वापरांत येतो आणि जातो. पण व्हार्निश तापलं म्हणून खालून काळपट पाणी येत नाही हो! भांड्याच्या बुडाशी, पात्याचा दांडा बाहेर येतो तिथे, बुश आणि सील असतं. ते सैल असलं की पाणी दांड्यावरून खाली कपलरवर उतरतं आणि तिथून मोटरमध्ये. 230 व्होल्टवर चालणाऱ्या यंत्रात पाणी जातंय, आणि तुम्ही मला सांगताय पीठ जास्त घातलं असेल. अर्धं भांडं होतं. अर्धं!

तरीही तेव्हा मी भांडले नाही. एखादा पीस खराब निघू शकतो, म्हणून 6 तारखेला मुकाट्याने दुसरा घेऊन गेले. 15 तारखेला त्याचीही तीच गत. या वेळी मी घरीच तपासलं. भांड्यात निम्म्यापर्यंत पाणी भरलं आणि मिक्सरवर न लावता नुसतं वर्तमानपत्रावर ठेवलं. दहा मिनिटांत खाली ओलं वर्तुळ. काल तुमच्याच मुलाने तुमच्याच काउंटरवर हे करून पाहिलं, आणि कागद भिजल्यावर तो गप्प बसला.

आता खरी गोष्ट. दोन्ही मिक्सरच्या तळाच्या स्टिकरवर उत्पादनाचा महिना एकच आहे. पहिल्याचा फोटो मी परत करण्याआधी काढून ठेवला होता. काल गोदामातून तुम्ही जो तिसरा पीस काढलात, तो उलटा करून मी बघितला, त्यावरही तोच महिना. म्हणजे त्याच खेपेतला माल. सील त्याच खेपेचं असेल तर तिसरं भांडं का गळणार नाही? मी दर आठवड्याला खोकं बांधून, रिक्षाला पैसे घालून तुमचा माल तपासून द्यायचा का? आणि वॉरंटी मोजायची पहिल्या बिलापासून! नवा पीस हातात येईपर्यंत माझी मुदत जळतेय. 15 तारखेपासून घरात वाटण शेजारणीच्या मिक्सरवर होतंय, त्याची लाज कुणाला?

बिलावर खाली बारीक अक्षरात छापलंय, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." ते बोट ठेवून दाखवू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. सदोष माल परत घेऊन बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर तीस दिवसांत पैसे परत करायला नकार देणं त्यात स्पष्ट शब्दांत येतं. तुमच्या बिलावर मुदत नाही. म्हणून तीस दिवस. आज 19 तारीख.

"कंपनीशी बोला" हेही नको. पैसे तुम्ही घेतलेत, बिल तुमचं आहे. "त्याच किमतीची इस्त्री आणि कुकर घ्या" हे तर ऐकूनच डोकं फिरलं. मला इस्त्री नको होती, मला मिक्सर हवा होता!

दुरुस्ती, बदली की पैसे, हे शेवटी जिल्हा ग्राहक आयोग ठरवतो, मला ठाऊक आहे. पण आयोगापुढे दोन पीस, एकच दोष, एकच महिना आणि भिजलेला कागद हे सगळं फोटोंसकट ठेवीन. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे.

शनिवारी सकाळी अकराला मिक्सर, तिन्ही भांडी, वॉरंटी कार्ड आणि बिल खोक्यासकट आणते. ज्या खात्यावरून मी यूपीआयने पैसे दिले, त्याच खात्यावर 4,200 रुपये तिथेच, माझ्यासमोर पाठवा. क्रेडिट नोट घेणार नाही. या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आजच्या तारखेची पोच द्या, सही आणि शिक्क्यासह.