‘फोटो स्वच्छ होता, मग प्रश्नचिन्हं कशाला?’ या तक्रारीला उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: “एक तारा. अरबी जन्मदाखल्याचा अनुवाद करून घेतला. आईच्या नावापुढे कंसात प्रश्नचिन्ह, महिन्यापुढे प्रश्नचिन्ह, गावापुढेही प्रश्नचिन्ह आणि एका ओळीच्या जागी नुसतं ‘अवाच्य’. माझ्या फोनवर फोटो स्वच्छ दिसतो. थोडा अंदाज करता आला नसता का? वर पुन्हा फोटो मागितला. असला अर्धवट अनुवाद घेऊन मी काय करू?”

नमस्कार. आधी आमची चूक. तुमच्या अनुवादात तीन ठिकाणी एकच खूण होती, पण तिचा अर्थ तिन्हीकडे सारखा नव्हता, आणि तो कुठे सांगितलेलाही नव्हता. गावाच्या नावात तर आम्हाला शंकाच नव्हती. शब्द स्पष्ट वाचला होता. अडलं होतं ते रोमन लिपीत कसा लिहायचा एवढ्यावर. तिथे प्रश्नचिन्ह घालायलाच नको होतं. दुरुस्त प्रत विनामूल्य देतो. उरलेल्या दोन शंका आणि ती अवाच्य ओळ मात्र खरी आहे. ती का, हे सविस्तर लिहितो, कारण नवा फोटो कसा हवा तेही त्यातूनच कळेल.

तुमच्या कागदावरचं नाव इथे उघड लिहिणार नाही. त्याच जातीची दोन नावं घेऊ: बुश्रा आणि युस्रा. दोन्ही मुलींची नेहमीची नावं. अरबीत लिहिताना दोघांचा सांगाडा अगदी एक आहे: एक दाता, म्हणजे दातासारखं आखूड टोक, मग तीन दाते, मग रा हे अक्षर, आणि शेवटी बिनठिपक्याचं अक्षर. फरक आहे तो फक्त ठिपक्यांचा. बुश्रात पहिल्या दात्याखाली एक ठिपका आणि तीन दात्यांवर तीन ठिपके. युस्रात पहिल्या दात्याखाली दोन ठिपके आणि वर काहीच नाही. हाताने लिहिताना लोक तीन ठिपक्यांऐवजी छोटं टोपीसारखं चिन्ह काढतात आणि दोन ठिपक्यांऐवजी एक आखूड आडवी रेघ ओढतात.

आता तुमचा फोटो. दाखला लॅमिनेट केलेला आहे आणि फ्लॅश चालू होता. नावाच्या वरच्या अंगाला पांढरा पट्टा आला आहे. फोनवर तो कागदाच्या पांढऱ्यात मिसळून जातो, म्हणून फोटो ‘स्वच्छ’ वाटतो. पण कागदाचा पांढरा आणि चकाकीचा पांढरा वेगळे असतात, आणि ते तुम्हालाही तपासता येईल. फोटो संपादनात उघडून उजेड पूर्ण कमी करा. साध्या कागदाच्या भागात कागदाचा पोत आणि शाई दोन्ही गडद होत जातील. चकाकीच्या भागात एकसारखा सपाट राखाडी डाग उरेल. तिथे कॅमेऱ्याने प्रत्येक पिक्सेलला कमाल आकडा, म्हणजे २५५, देऊन टाकला आहे. त्याखाली तीन ठिपके होते की नव्हते, दोन्ही शक्यतांत चित्र हेच दिसलं असतं. कोणतंही सॉफ्टवेअर ते परत आणू शकत नाही. आणून दाखवलं, तर ते स्वतःच्या मनाने काढलेले ठिपके असतात.

म्हणजे वरचा पुरावा गेला. राहिला खालचा: एक ठिपका की दोन? तिथे फोनची सावली पडली आहे. सावलीचं तसं बरं असतं. तिच्यात शाई आणि कागद दोन्ही काळवंडतात, पण त्यांच्यातला फरक बहुधा टिकतो, आणि तेवढाच भाग उजळला की अक्षर वर येतं. आम्ही तसं केलं. दात्याखाली एक लांबट डाग दिसला. पण अंधारात फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, त्यात हात हलला की गोल ठिपकाही लांबट होतो. मग हा हललेला एक ठिपका, की दोन ठिपक्यांची रेघ?

यासाठी त्याच ओळीत एखादी मोजपट्टी शोधावी लागते, आणि अरबी नावांत ती पुष्कळदा हाताशीच असते: ‘बिन्त’, म्हणजे ‘अमुकची मुलगी’. या एका छोट्या शब्दात खाली एक ठिपका, वर एक ठिपका आणि वर दोन ठिपके, असं सगळं असतं, आणि तो शब्द कोणता आहे याबद्दल शंका नसते. तिथला एक ठिपका या फोटोत किती लांब झाला आणि दोन ठिपक्यांची रेघ किती लांब आहे, हे मोजायचं आणि शंकास्पद डाग त्याशी ताडून पाहायचा. तुमच्या फोटोत एकटा ठिपका ६ पिक्सेल भरतो, दोनाची रेघ ११ आणि आपला डाग ८. तो एकाच्या जवळ आहे, पण तेवढ्यावर आईचं नाव ठरवता येत नाही. हे नाव पुढे पासपोर्टशी आणि इतर कागदांशी जुळवलं जाणार. तिथे ‘बहुधा’ हा शब्द न लिहिता एक नाव ठोकून देणं आम्हाला मान्य नाही.

महिन्याची गोष्ट वेगळी. तिथे अडचण तिरकेपणाची आहे. जून हा ‘यूनियू’ आणि जुलै हा ‘यूलियू’. लिहिण्यात फरक एका अक्षराचा: नून असेल तर आखूड दाता आणि वर ठिपका, लाम असेल तर उंच दांडा. तुम्ही कागद टेबलावर ठेवून खुर्चीत बसल्या बसल्या फोटो काढलेला दिसतो. फोन साधारण ४० अंश कललेला. तेवढ्या कलण्याने अक्षरांची रुंदी फारशी बदलत नाही, पण उंची पाऊणपट होते, आणि वरच्या, लांबच्या ओळींत तर त्याहून कमी. उंच दांडा बुटका दिसू लागतो. अशा वेळी त्याच ओळीतल्या अलिफची, म्हणजे नुसत्या उभ्या दांड्याच्या अक्षराची, उंची बघतात, कारण अलिफही तितकाच दबलेला असतो. तुमच्या ओळीत हा दांडा अलिफच्या निम्मा आहे. लाम म्हणावा तर आखूड, दाता म्हणावा तर उंच. नूनचा ठिपका जिथे असायला हवा, तिथून नेमकी घडी गेली आहे.

नुसता फोटो सरळ फिरवून हे सुटत नाही. कागद फक्त फिरलेला असता, तर काही बिघडलं नसतं. कललेला कागद सरळ करताना त्याचे चारही कोपरे दिसावे लागतात, त्यावरूनच मूळ प्रमाण कळतं. तुमच्या फोटोत वरचे दोन कोपरे कापले गेले आहेत. आणि कोपरे असते तरी ताणून उंची परत मिळते, गेलेला तपशील मिळत नाही.

या महिन्याची शंका सोडवणारी ओळ दाखल्यातच आहे. जन्मतारीख अक्षरांत आणि आकड्यांत अशी दोनदा दिलेली आहे. अरबी ६ आणि ७ एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत, सात इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. पण आकड्यांची ओळ पूर्ण चकाकीखाली आहे. आम्ही ‘अवाच्य’ लिहिलं ती हीच ओळ. म्हणून पुन्हा फोटो मागितला.

फोटो असा काढा. फ्लॅश बंद. डोक्यावरचा दिवाही बंद, कारण लॅमिनेशन आरशासारखं वागतं आणि दिवा थेट कॅमेऱ्यात दिसतो. खिडकीशेजारी, उजेड एका बाजूने येईल असा कागद गडद, चमक नसलेल्या पृष्ठभागावर सपाट ठेवा. फोन कागदाला समांतर, बरोबर वर धरा, चारही कडा आणि बाजूला अंगठाभर जागा दिसू द्या. फोनची सावली पडत असेल तर फोन थोडा वर न्या आणि दुसरी लेन्स असेल तर तिच्याने जवळ आणा. दोन सेकंदांचा टायमर लावला की बटण दाबताना बसणारा हिसका टळतो. मग फोन एक वीत बाजूला सरकवून दुसरा फोटो घ्या. चकाकीचा डाग जागा बदलतो. पहिल्यात झाकलेलं दुसऱ्यात उघडं पडतं. शेवटी नावाची ओळ आणि तारखेच्या दोन्ही ओळी जवळून वेगळ्या घ्या.

पाठवताना काळजी जास्त घ्या, कारण चांगला फोटो तिथेच बिघडतो. ए-४ आकाराचा कागद ४००० पिक्सेल लांबीच्या फोटोत भरला, तर दर मिलिमीटरला सुमारे १३ पिक्सेल मिळतात आणि अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका ६-७ पिक्सेलांचा होतो. मेसेजमधून जाताना तोच फोटो १६०० पिक्सेलांवर आला, तर ठिपक्याच्या वाट्याला तीनही राहत नाहीत, आणि दोन ठिपक्यांमधली फट बुजून जाते. म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलला जोडून पाठवा. आणि कृपया स्कॅनर ॲपचा काळा-पांढरा फिल्टर लावू नका. तो बारीक ठिपके धूळ समजून पुसतो, आणि कधी धुळीलाच ठिपका करून ठेवतो. रंगीत फोटोत शिक्क्याची निळी शाई आणि पेनची काळी शाई वेगळी ओळखता येते. काळ्या-पांढऱ्यात शिक्क्याचा शिंतोडा अक्षराचा ठिपका होऊन बसतो.

दुरुस्त प्रतीत खुणा अशा असतील, आणि त्यांचा अर्थ पहिल्या पानावर छापलेला असेल. दोन वाचनं शक्य असतील तिथे दोन्ही, जास्त संभाव्य आधी: [बुश्रा? / युस्रा?], आणि तळटीपेत कारण: “वरचे ठिपके चकाकीखाली, खालचा एक की दोन हे अनिश्चित.” कंस फक्त त्या एका शब्दाभोवती, वडिलांचं आणि आजोबांचं नाव स्पष्ट आहे, ते कंसाबाहेर. काहीच वाचता आलं नाही तिथे: [अवाच्य, सुमारे ८ आकडे, चकाकी]. गावाच्या नावासारख्या ठिकाणी कंस नाही, फक्त टीप: “वाचन निश्चित, रोमन स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे घ्यावे.” अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिलेच जात नाहीत, त्यामुळे स्पेलिंगचे असे प्रश्न नेहमी येतात, त्यांना वाचनाच्या शंकेची खूण लावली की वाचणाऱ्याचा भलताच गैरसमज होतो. तुमचा तसाच झाला.

शंकेसाठी रंग वापरत नाही, झेरॉक्समध्ये तो जातो. शिलालेख आणि पपायरस वाचणाऱ्यांच्या १९३१ च्या लायडन पद्धतीत शंकास्पद अक्षराखाली ठिपका देतात. अरबीत ते चालत नाही, अक्षराखालच्या ठिपक्याने अक्षरच बदलतं. मूळ अरबी शब्दही वेगळ्या ओळीत ठेवू. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत कंस आणि प्रश्नचिन्ह घातलं, की पडद्यावर ते उडी मारून भलत्याच शब्दाला चिकटतात.

नवे फोटो आले की आधी आकड्यांची ओळ पाहू. ती दिसली तर महिन्याचा कंस त्याच दिवशी निघेल. नावाचा कंस तीन ठिपक्यांची जागा उघडी पडण्यावर अवलंबून आहे. तिथली शाई कागदावरच उडालेली असेल, तर कंस राहील आणि टीपेत चकाकीऐवजी ते कारण येईल. त्या स्थितीत आईचं नाव असलेला दुसरा कोणताही अरबी कागद सोबत पाठवा.