झाड पडलंय तारेवर आणि कपाटाची चावी पंचायतीत

दरवर्षी मे महिन्यात हेच चालतं. वाड्याचं आपत्कालीन पथक स्थापन होतं, केशरी टी-शर्ट वाटले जातात, पंचांबरोबर फोटो निघतो, दोन दिवसांच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं घरोघरी जातात. मग जुलैतल्या एखाद्या रात्री रस्त्यावर आंबा कोसळतो आणि पथक नावाची गोष्ट कुठे दिसत नाही. दिसतात ती दहा-बारा भिजलेली माणसं, चौघांच्या हातात कोयते, आणि सगळे एकमेकांवर ओरडतायत. डोकं फिरतं ते माणसं येत नाहीत म्हणून नाही. गोव्यात माणसं धावून येतात, अर्ध्या रात्री येतात. पण कुणी काय करायचं आणि कुणी कशाला हात लावायचा नाही, एवढं आधी ठरवायची तसदी कुणी घेत नाही, म्हणून फिरतं.

एकच प्रसंग घेऊ. साठ घरांचा वाडा, रात्रीचे पावणेअकरा, मुसळधार पाऊस. आंबा मुळासकट उपटून रस्त्यावर आडवा पडलाय. पडताना त्याने विजेची तार तोडलीय, आणि एक फांदी कौलारू घरावर आदळून आतली म्हातारी बाई डोक्याला लागून रक्तबंबाळ झालीय. वाड्यातले दिवे गेलेत. पुढच्या वीस मिनिटांत काय होतं ते बघा.

पहिली चूक पहिल्याच मिनिटाला होते. दिवे गेले म्हणजे तार मेली, असं धरून लोक झाडाकडे चालायला लागतात. कुणी सांगितलं तार मेली म्हणून? तीनपैकी एका फेजचा फ्यूज उडाला तर तुमच्या घरात काळोख होतो, पण खाली पडलेल्या तारेत दुसरी फेज जिवंत असू शकते. बिघाड तात्पुरता समजून उपकेंद्रातून लाइन पुन्हा चार्ज होऊ शकते. आणि शेजारच्या घरात बाहेरची लाइन तोडूनच जनरेटर जोडणारा चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर जोडलेला असला, तर त्याची वीज उलटी खांबावर चढते. हे तिसरं कारण लाइनमनच्या जिवावर उठतं, आणि तरी आमच्याकडे किती घरांत जनरेटर कसा जोडलाय याची साधी यादी कुठल्याही पथकाकडे नसते. ओला आंबा वीज वाहून नेतो. त्याला टेकलेलं तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, पत्र्याची शेड, सगळं जिवंत असू शकतं. ओला बांबू घेऊन तार बाजूला सारणाऱ्याला तिथल्या तिथे मागे खेचा. लाइनमनने जागेवर येऊन स्वतः सांगेपर्यंत तार जिवंतच, आणि तोवर तिच्यापासून नि तिला टेकलेल्या प्रत्येक वस्तूपासून किमान दहा मीटर लांब. दहा मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण पंधरा पावलं. पाय झिणझिणले तर समजा की तुम्ही आत आलात. मग लांब ढांगा टाकायच्या नाहीत, पावलं जोडून, जमिनीवरून न उचलता घसटत मागे यायचं. दोन पाय लांब लांब पडले की दोघांखालच्या जमिनीतल्या विजेच्या दाबाचा फरक वाढतो आणि वीज अंगातून जाते.

दुसरी चूक फोनची. बाराजण उभे आहेत आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केला असेल. किंवा सहाजण एकदमच करतात आणि सहाजण सहा पत्ते सांगतात: "देवळाकडे", "चढणीवर", "त्या जुन्या दुकानापाशी". वीज खात्याच्या 1912 वर ट्रान्सफॉर्मरचं नाव, खांबावर क्रमांक रंगवलेला असेल तर तो, आणि तार जमिनीवर पडलीय की लोंबतेय, एवढं सांगितलं की पलीकडचा माणूस कामाला लागतो. अग्निशमन दलाला 101 किंवा 112, रुग्णवाहिकेला 108. एक माणूस, एक फोन, एक वही. कुणाला किती वाजता केला ते वहीत, म्हणजे दहा मिनिटांनी "केला की नाही" हा वाद होत नाही. हे नंबर आणि वाड्यातल्या ट्रान्सफॉर्मरचं नाव पाऊस सुरू व्हायच्या आधी प्रत्येक घराच्या दारामागे चिकटवायला खर्च किती? एका कागदाचा. तोही होत नाही.

म्हणून कामं वाटून द्या, आणि कागदावर वाटा. एक प्रमुख, ज्याने कुठल्याच फांदीला हात लावायचा नाही. त्याने मागे उभं राहून सगळं बघायचं, माणसं मोजायची आणि "थांबा" म्हणायचं. आमच्याकडे प्रमुख म्हटला की तोच सगळ्यात आधी झाडावर चढतो, आणि मग मागे बघायला कुणी उरत नाही. एक फोनवाला. रस्त्यासाठी दोघं, दोन्ही बाजूंना, चकाकत्या जॅकेटात, टॉर्च घेऊन, आणि ते झाडापाशी नकोत, वळणाच्या अलीकडे हवेत. आमचे रस्ते असे की वळण घेतल्यावर झाड दिसेपर्यंत स्कूटरवाला त्यावर आदळलेला असतो. एक प्रथमोपचार बघणारा. त्या बाईपर्यंत जायची वाट तारेपासून लांब आहे असं प्रमुखाने सांगितल्यावरच त्याने आत जायचं, डोक्याच्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचं आणि दहा मिनिटं उचलून बघायचं नाही. प्रत्येक वेळी "थांबलं का" म्हणून उचललं की गोठायला लागलेलं रक्त पुन्हा वाहतं. कवटी दबल्यासारखी लागली तर तिथे जोर द्यायचा नाही, कडेकडेने धरायचं. आणि एक साहित्यवाला. झाली सहा माणसं. बाकीच्यांनी प्रमुखाच्या मागे उभं राहायचं. हो, नुसतं उभं राहायचं, तेही काम आहे.

यात नवीन काहीच नाही. 1985 साली मेक्सिको सिटीत भूकंप झाला तेव्हा साध्या नागरिकांनी आठशेहून अधिक लोकांना वाचवलं आणि ते करताना शंभराहून अधिक स्वयंसेवक स्वतः मेले, असं सांगितलं जातं. त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या अग्निशमन विभागाने नागरिकांच्या पथकांना शिकवायला सुरुवात केली, आणि पहिला नियम ठेवला तो मदतनीसाने स्वतः बळी पडायचं नाही हा. आपल्याकडच्या आपदा मित्र योजनेतलं प्रशिक्षण बारा दिवसांचं असतं. दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावर आपण पोरांना झाडावर चढवतो.

आता सगळ्यात जास्त राग ज्याचा येतो ते. प्रत्येक कामाला एकच नाव लिहिलेलं असतं आणि ते नाव घरी नसतं. एकजण जहाजावर, सहा महिन्यांनी येणार. दुसरा वेर्ण्याला रात्रपाळीत. तिसरा पणजीत भाड्याने राहतो आणि शनिवारी येतो. मंगळवारी सकाळी अकरा वाजता वाड्यात कोण असतं ते मोजा. बायका असतात, निवृत्त मास्तर असतात, दुकानदार असतो. आणि पथकात कोण? मंडळाची पंचवीस पोरं. प्रशिक्षणाला एकाही बाईला बोलावलेलं नसतं. एका कामाला तीन नावं हवीत: एक दिवसाचं, एक रात्रीचं, एक राखीव. दिवसाच्या यादीत बायका नसतील तर त्या वाड्यात दिवसा पथकच नाही, फक्त कागद आहे.

आणि ते कपाट! पंचायतीने पथकाच्या साहित्याचं कपाट दिलं, पंचायतीच्याच हॉलमध्ये ठेवलं, चावी कारकुनाकडे, कारकून पाच वाजता घरी. झाड पावणेअकराला पडलं. चाव्या तीन करा, तीन घरांत ठेवा, ती घरं पाणी भरत नाही अशा उंचीवर हवीत, आणि एक तरी घर असं हवं जिथे रात्रंदिवस कुणीतरी असतंच. आत काय आहे त्याची यादी दाराच्या आतल्या बाजूला, शेजारी शेवटच्या तपासणीची तारीख आणि सही.

तपासणी म्हणजे बघणं नव्हे, चालवून बघणं. आमच्या दमट हवेत वस्तू नुसती ठेवली तरी मरते. टॉर्चमध्ये राहिलेले सेल पाझरतात आणि हिरवट थर चढून टॉर्च कायमचा जातो, म्हणून सेल बाहेर काढून वेगळ्या पिशवीत. चामड्याच्या हातमोज्यांना बुरशी येते. बँडेजच्या चिकटपट्टीचा गोंद सुकतो आणि ओल्या अंगाला ती चिकटत नाही.

या सगळ्याचा कळस म्हणजे देणगीतून आलेली मोटर करवत. ती देताना फोटो चांगला येतो, म्हणून तीच आधी येते. मे महिन्यात भरलेलं पेट्रोल तसंच टाकीत. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी खाली बसतं, कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतो, आणि जुलैत दोरी ओढून ओढून हात दुखतो पण करवत धडधडत नाही. वापर झाला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मिश्रण ताजंच करा, पुस्तिकेत पन्नासास एक सांगितलं असेल तर लीटरभर पेट्रोलला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल. साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते, तीही बघा. महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालवा. लाकडाचे जाड तुकडे उडण्याऐवजी पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला, की साखळी बोथट झालीय.

पण माझं म्हणणं सरळ आहे: बहुतेक वाड्यांनी ही करवत घेऊच नये. पडलेलं झाड मेलेलं नसतं, ताणलेलं असतं. खोड दोन्ही टोकांना टेकून मध्ये अधांतरी असलं तर वरची बाजू दाबाखाली असते, वरून कापत गेलात की फट मिटते आणि करवत अडकते. वाकलेली फांदी सुटली की छातीवर बसते. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे उपटलेलं मूळ. खोडाचं वजन कापून काढलं की मातीसकट उभं राहिलेलं ते मुळांचं चक्र धाडकन पुन्हा खड्ड्यात बसू शकतं, आणि नेमकं त्या खड्ड्यात कुणीतरी पोर टॉर्च धरून उभं असतं. खोड कापणं हे अग्निशमन दलाचं काम. पथकाने करायचं ते एवढंच: लाइनमनने तार बंद केल्याचं सांगितल्यावर हातकरवतीने मनगटाएवढ्या फांद्या काढून रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी करायची. त्याला लागतात डोक्यावर बांधायचे सहा टॉर्च, सहा शिट्ट्या, चार चकाकती जॅकेटं, सहा हेल्मेट, हातमोजे, दोन हातकरवती, तीस मीटर दोर आणि प्रथमोपचार पेटी. मोटर करवतीच्या पैशात यातलं बरंच काही येतं.

शिट्ट्या कशाला, म्हणून विचारणारे असतात. वीज तासन्‌तास गेली की मोबाइलचा टॉवरही बसतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. आणि टॉवर चालू असला तरी पथकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो येतात, म्हणून अर्ध्यांनी तो म्यूट केलेला असतो. तीन लांब शिट्ट्या म्हणजे "या", एक लांब शिट्टी म्हणजे "आहात तिथेच थांबा". एवढं वाड्यातल्या आठ वर्षांच्या पोरालाही पाठ असलं पाहिजे, कारण काळोखात, पावसाच्या आवाजात, तारेच्या दिशेने चालत जाणाऱ्याला ती एक शिट्टीच ऐकू जाणार आहे.