वटपौर्णिमेला तिला काय लिहू?

“काका, लग्नानंतरची पहिली वटपौर्णिमा. ती उपास धरणार आहे. फॅमिली ग्रुपवर ‘अखंड सौभाग्यवती भव’ टाकू का? काकूला तुम्ही काय म्हणता?”

नको टाकूस. तो थोरांनी नमस्कार करणाऱ्या सुनेला द्यायचा आशीर्वाद. नवऱ्याने दिला की ‘मी खूप जगो’ एवढाच अर्थ उरतो. पूजेच्या श्लोकात ती ‘अवैधव्यं च सौभाग्यं देहि त्वं मम सुव्रते’ म्हणून तेच मागत असते.

शिवाय त्या ग्रुपवर तुझी मावशी आहे. तिचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली. २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा तिकडे केवढी चर्चा झाली! कुंकू पुसू नका म्हणणाऱ्या आपणच दिवसभर तिच्या फोनवर ‘सौभाग्य’ पाठवत राहायचं, हे मला पटत नाही. बायकोला काय लिहायचं ते तिलाच लिही.

तुझे बाबा म्हणतात, सावित्रीने यमाकडे फक्त नवरा मागितला. तसं नाही. वनपर्वात आधी आंधळ्या सासऱ्यांची दृष्टी, मग त्यांचं राज्य, मग वडिलांना शंभर पुत्र. सत्यवानाचे प्राण शेवटी. मला त्यापुढचं फार आवडतं. सत्यवान जागा होतो आणि म्हणतो, मी किती वेळ झोपलो, उठवलं का नाहीस? नेमकं काय झालं ते त्याला ठाऊक नसतं. ती म्हणते, रात्र झालीय, उद्या सांगेन. फळांची टोपली झाडाच्या फांदीला टांगते, कुऱ्हाड स्वतः घेते, त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवून घरी निघते. तीन दिवसांच्या उपासानंतर.

इकडे इंग्लंडात जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो. वड दारात नाही, म्हणून तुझी काकू कागदावर काढते आणि पाटावर ठेवून सात वेळा सूत गुंडाळते. (बाजारातून तोडलेली फांदी आणण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.) शेजारच्या पंजाबी वहिनी दरवर्षी विचारतात, “चाँद कितने बजे निकलेगा?” त्यांना करवा चौथ वाटतो. काकू दरवर्षी समजावते आणि दोघी आंबा कापतात.

उपास धरावा की नाही, यावर आमच्या मुलीचं आणि काकूचं अजून जमलेलं नाही. मी त्यात पडत नाही. पहिली दहा वर्षं मी काहीच म्हणत नव्हतो. आता सकाळी कामावर जाताना साबुदाणा भिजवून ठेवतो आणि दुपारी लिहितो: ‘डोकं दुखतंय का? थोडं पडून घे. येताना केळी आणतो. खिचडी मी टाकतो, दाण्याचं कूट करू नकोस.’

गेल्या वर्षी तिचं उत्तर आलं, “अहो, कूट करून ठेवलंय. तुम्ही लवकर या.”