रिपोर्ट ‘सेन्सिटिव्ह’, मग जंतू वाचले कसे?

“आईचा अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाला, रिपोर्टमध्ये औषध सेन्सिटिव्ह होतं. तरी लघवीचा संसर्ग परत आला. म्हणजे जंतू रेझिस्टंट झाले ना?”

तसंच असेल असं नाही, ताई. मी ठाण्यात कल्चर लॅबमध्ये काम करते. प्लेटवर औषधाच्या चकतीभोवती जे स्वच्छ वर्तुळ दिसतं, ते एवढंच सांगतं की तिथे जंतू वाढले नाहीत. सगळे मेले का, हे ते सांगत नाही.

रेझिस्टंट जंतू औषध असतानाही वाढतो. पर्सिस्टर म्हणजे औषधातून तगून राहणारा जंतू वाढत नाही, नुसता झोपून राहतो. पेनिसिलिन स्वतःभोवती भिंत बांधणाऱ्या जंतूला मारतं. ज्याने बांधकामच थांबवलंय, त्याचं ते काय बिघडवणार? १९४४ मध्ये जीवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांना पेनिसिलिननंतरही स्टॅफिलोकॉकसचे साधारण दहा लाखांत एक जंतू जिवंत सापडले. ते पुन्हा वाढवले, तर नवी पिढी पेनिसिलिनला पहिल्यासारखीच मरत होती! म्हणजे गुणसूत्रात बदल नव्हता. (सगळेच जंतू सावकाश मरत असतील, तर त्याला टॉलरन्स म्हणतात.)

म्हणून आईंचं कल्चर पुन्हा करा आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. तोच जंतू, तेच औषध अजून सेन्सिटिव्ह, तर रेझिस्टन्सचा संशय कमी होतो. मात्र बाहेरून नव्याने संसर्ग झाला असेल तरी रिपोर्ट असाच येतो, तेवढं विचारून घ्या.