परवानगी नाकारली कुणी? कुणीच नाही!

रिलीजच्या आदल्या संध्याकाळी चाचणीचा तक्ता सहीसाठी माझ्यापुढे आला. त्यातली अकरावी ओळ वाचून मी खुर्चीवरून उठलो. ‘कॉन्टॅक्ट, फक्त एकदा परवानगी: पास’ असे तिथे लिहिले होते. अँड्रॉइडवर कॉन्टॅक्टच्या परवानगीत ‘फक्त एकदा’ हा पर्यायच नसतो. 2020 साली अँड्रॉइड 11 मध्ये आलेली ती सोय कॅमेरा, मायक्रोफोन आणि लोकेशन या तिघांपुरतीच आहे. कॉन्टॅक्टच्या खिडकीत परवानगी द्या किंवा देऊ नका, एवढी दोनच बटणे दिसतात. जे बटण पडद्यावर नाही ते दाबून कोणी ‘पास’ कसे लिहिले? वरच्या कॅमेऱ्याच्या ओळी खाली चिकटवल्या आणि हिरवा रंग भरला, इतकाच त्याचा अर्थ होतो. ज्या माणसाने ही ओळ तपासली नाही, त्याने कॅमेऱ्याची ओळ तरी तपासली असेल, यावर मी का विश्वास ठेवावा?

ती तपासली नव्हतीच, आणि त्याचा त्रास नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाला झाला. आमचे अ‍ॅप संत्र्यांच्या खरेदीसाठी आहे. एजंट ढिगासमोर उभा राहून क्रेटचा फोटो काढतो, लोकेशन आपोआप जोडले जाते आणि लॉटची नोंद होते. आधीच्या आवृत्तीच्या वेळी एका एजंटाचा सकाळी सात वाजता फोन आला होता. त्याचे शब्द माझ्या कानात अजून आहेत: “भाऊ, मी तं काल परवानगी देल्ली होती, फोटोबी निघाले. आज हे काहून म्हणते का तुम्ही परवानगी कायमची नाकारली? मी कधी नाकारली?” त्याने खरोखरच नाकारली नव्हती. त्याने `Only this time` निवडले होते, जे कोणीही सावध माणूस निवडेल. आमचे अ‍ॅप त्याच्याशी धडधडीत खोटे बोलत होते आणि वर त्यालाच सेटिंगमध्ये पाठवत होते. तो तिथे गेला, तेव्हा `Ask every time` हा पर्याय निवडलेला दिसला. म्हणजे फोन म्हणतो ‘दर वेळी विचारीन’ आणि अ‍ॅप म्हणते ‘तुम्ही कायमचे नाकारले’. आता त्याने कोणाचे खरे मानायचे?

या सगळ्याच्या मुळाशी ही एक ओळ आहे, आणि ती मी किती कोडमध्ये पाहिली असेल याची गणतीच नाही:

```
if (askedOnce && !shouldShowRequestPermissionRationale(CAMERA)) openSettings()
```

विचार असा की, आपण पूर्वी एकदा विचारले आहे आणि आता कारण समजावून सांगण्याची गरज नाही असे सिस्टीम म्हणते, त्याअर्थी वापरकर्त्याने कायमचा नकार दिला आहे. हा तर्कच चुकीचा आहे. ती फंक्शन `false` उत्तर अनेक परिस्थितींत देते. कधीच विचारले नसेल तेव्हा ती `false` देते, दोनदा नाकारून दार बंद झाले असेल तेव्हाही देते, आणि एकदाच दिलेली परवानगी मुदत संपून परत गेली असेल तेव्हाही देते, कारण त्या माणसाने नकार असा कधी दिलेलाच नसतो. `askedOnce` मात्र कालपासून `true` होऊन बसलेले असते. मग ज्या क्षणी साधी खिडकी उघडून पुन्हा विचारायला हवे, नेमक्या त्याच क्षणी अ‍ॅप विचारणे सोडून देते.

दुरुस्ती अवघड असती तर मी इतका संतापलो नसतो. आधी अंदाज बांधू नका, आधी विचारा. परवानगी मागा, उत्तर येऊ द्या, आणि उत्तर नकाराचे असेल तरच ती फंक्शन तपासा. त्यातही वापरकर्त्याने खिडकीबाहेर बोट टेकवून ती नुसती बंद केली असेल, तर तो नकार धरला जात नाही, म्हणून त्यानंतरचा संदेशही आरोपाच्या भाषेत लिहू नये. या बदलाला फार तर एक दुपार लागते. पण गेल्या आवृत्तीपासून ते तिकीट ‘दुर्मीळ परिस्थिती’ असा शेरा मारून खाली ढकललेले आहे.

दुर्मीळ! डेव्हलपरच्या फोनवर दुर्मीळ आहे, हे मला मान्य आहे. त्याने सहा महिन्यांपूर्वी एकदा पूर्ण परवानगी दिली आणि त्यानंतर ती खिडकी पाहिलेलीच नाही. आमच्या स्वयंचलित चाचण्या तर सुरुवातीलाच `pm grant` ने सगळे देऊन टाकतात. ती पूर्ण परवानगी असते, एका वेळेपुरती नसते, त्यामुळे ही वाट त्या चाचण्या कधी चालतच नाहीत. चाचणी सुरू असताना मधेच परवानगी काढावी म्हटले, तर अ‍ॅपची प्रोसेस मरते आणि तिच्याबरोबर चाचणीही मरते. म्हणून हे काम हाताने करावे लागते, आणि हाताने करायचे म्हटले की सगळ्यांना वेळ नसतो.

प्रोसेस मरते, हीच गोष्ट लोक समजून घेत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढली की अँड्रॉइड त्या अ‍ॅपची प्रोसेस संपवते. एका वेळेपुरत्या परवानगीची मुदत संपली तरी तेच होते, आणि माझ्या फोनवर अ‍ॅप मागे टाकल्यापासून साधारण मिनिटभरातच होते. आमच्या एजंटाने तीन लॉट भरले, फोन खिशात ठेवला, वजनकाट्यापाशी वीस मिनिटे घालवली आणि परत येऊन अ‍ॅप उघडले. सिस्टीमने त्याला त्याच चौथ्या लॉटच्या पडद्यावर आणून सोडले, पण तिन्ही लॉट ज्या स्टॅटिक ऑब्जेक्टमध्ये ठेवले होते तो जुन्या प्रोसेसबरोबर गेला होता. बटण दाबताच अ‍ॅप कोसळले आणि माणसाने उन्हात उभे राहून केलेली नोंद गेली.

यावर मला सांगण्यात आले की, ‘आम्ही परत उघडून पाहिले, व्यवस्थित चालते.’ कसे पाहिले? अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून आमचे अ‍ॅप वर सरकवून काढून टाकले आणि पुन्हा उघडले! तसे केल्यावर ते पहिल्या पडद्यापासून सुरू होते, अर्ध्या वाटेवरचा पडदा परत येतच नाही, मग चूक दिसणार कुठून? दुसऱ्याने `Don't keep activities` चालू करून तपासले. त्यात फक्त पडदा नष्ट होतो, प्रोसेस जिवंत राहते आणि स्टॅटिक ऑब्जेक्टही शाबूत राहतो. खरी तपासणी अशी: फॉर्म अर्धा भरा, होम दाबा, सेटिंगमधून कॅमेऱ्याची परवानगी काढा आणि अलीकडच्या यादीतूनच परत या. प्रोसेस खरोखर बदलली का, हे आधी आणि नंतर एका ओळीत कळते:

```
adb shell pidof com.example.app
```

आकडा तोच असेल, तर तुम्ही काहीही तपासलेले नाही.

त्या संध्याकाळी आयटी पार्कमधल्या आमच्या मजल्यावर मी हे तीन फोनवर करून दाखवले. तिन्ही फोनवर आकडा बदलला आणि तिन्ही फोनवर अ‍ॅप कोसळले. तरीही मला विचारण्यात आले, “पण सर, एवढं कोण करतं?” कळमन्यातला माणूस करतो, रोज करतो, आणि त्याला सेटिंग उघडावेही लागत नाही, फोन खिशात ठेवला की पुरे. अकरावी ओळ मी तक्त्यातून काढून टाकली आहे, कॅमेरा आणि लोकेशनच्या ओळी पुन्हा लाल केल्या आहेत आणि प्रत्येक ओळीपुढे प्रोसेसचे दोन आकडे लिहिण्यासाठी रकाना केला आहे. तो रकाना भरल्याशिवाय मी सही करणार नाही.